पिनयिनमागची बाराखडी

पहिल्या पातळीच्या वर्गात महिनाभर झाला की मी एक छोटा खेळ घेते. मुलांनी वह्या मिटायच्या आणि मी बोललेलं वाक्य प्रश्न आहे की उत्तर, एवढंच सांगायचं. वाक्यं दोनच असतात: `Māma zài nǎr` आणि `Māma zài nàr`. पहिल्याचा अर्थ ‘आई कुठे आहे?’ आणि दुसऱ्याचा ‘आई तिथे आहे.’ दोन्हींत फरक फक्त शेवटच्या अक्षरावरच्या सुराचा. मी एका सरळ आवाजात, चेहऱ्यावर काहीही न दाखवता दहा वेळा ही वाक्यं उलटसुलट म्हणते. वर्गातल्या जवळपास निम्म्या मुलांची उत्तरं उलटी येतात. त्यात शब्दांचं पाठांतर पक्कं असलेलीही असतात.

उत्तरं उलटी का येतात, यावर बरीच वर्षं विचार केल्यावर या पुस्तकाची कल्पना सुचली. मराठीत प्रश्न विचारताना शेवट वर जातो. ‘आई आली?’ आणि ‘आई आली.’ यांत शब्द तेच, सूर वेगळा. मराठी कान म्हणूनच प्रश्न ओळखायला वाक्याच्या शेवटी चढाची वाट बघतो. चिनी भाषेतला ‘कुठे’, म्हणजे `nǎr`, मात्र खाली जाऊन बसतो. तो ऐकताना वाक्य संपल्यासारखं वाटतं. उलट ‘तिथे’, म्हणजे `nàr`, उंचावरून सुरू होतो आणि झटक्यात खाली येतो. त्या सुरुवातीच्या उंचीलाच मुलं प्रश्न समजतात. त्यांचा कान ऐकतो बरोबर, पण मराठीच्या नियमाने ऐकतो. हे पुस्तक त्या मराठी कानासाठी लिहिलं आहे. जिथे हा कान उपयोगी आहे तिथे तो वापरायचा आणि जिथे तो फसवतो तिथे थांबायचं, एवढंच यात सांगायचं आहे.

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची पहिली पातळी डोळ्यांपुढे ठेवून धडे रचले आहेत. 2010 पासून चालत आलेल्या स्वरूपात या पातळीला 150 शब्द लागतात. ऐकण्याचे वीस आणि वाचण्याचे वीस असे चाळीस प्रश्न असतात, गुण 200 आणि उत्तीर्ण व्हायला 120. ऐकण्याच्या भागात प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकवतात. छापील चिनी अक्षरांसोबत पिनयिनही दिलेलं असतं. 2021 मध्ये नवी मानकं जाहीर झाली. त्यांत पहिल्या पातळीचा शब्दसंग्रह 500 पर्यंत गेला. म्हणून नाव नोंदवताना आपण कोणत्या स्वरूपाची परीक्षा देतो आहोत ते आधी बघून घ्यावं.

या परीक्षेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या पातळीवर बोलण्याची परीक्षा नसते. चित्रं जुळवायची असतात, संदर्भ मदतीला येतो. टोन कच्चे असलेला विद्यार्थीही 120 च्या पुढे सहज जाऊ शकतो, आणि तो गेला की टोन जमले असं त्याला वाटतं. तिसऱ्या पातळीपासून प्रश्नपत्रिकेतून पिनयिन निघून जातं आणि शब्द काही पटींनी वाढलेले असतात. ज्याने दीडशे शब्द टोनशिवाय पाठ केले त्याला ते तेव्हा पहिल्यापासून पुन्हा पाठ करावे लागतात. अशी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून या पुस्तकात एकही शब्द टोनच्या खुणेशिवाय छापलेला नाही.

आता अक्षरांकडे वळू. पिनयिन दिसतं रोमन, आणि आपल्या मनात रोमन अक्षर म्हणजे इंग्रजी. `b` दिसला की ‘ब’, `d` दिसला की ‘द’, `g` दिसला की ‘ग’. पहिली चूक इथेच होते आणि ती एकदा जिभेत बसली की काढायला फार वेळ लागतो. चिनी भाषेत ब, द, ग हे घोष वर्ण नाहीत. पिनयिनमधला `b` म्हणजे आपला प, `d` म्हणजे त, `g` म्हणजे क. आणि `p`, `t`, `k` म्हणजे अनुक्रमे फ, थ, ख. चिनी कानाला प आणि ब यांच्यातल्या फरकाशी काम पडत नाही. त्याला प आणि फ यांतला फरक लागतो, म्हणजे श्वासाचा झोत आहे की नाही एवढाच. इंग्रजी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला हा फरक मुद्दाम शिकावा लागतो. आपण तो ‘पळ’ आणि ‘फळ’ यांच्यात लहानपणीच शिकलो आहोत.

एक पातळ कागदाची पट्टी घ्या आणि तोंडापासून तीन बोटांवर धरा. ‘पाणी’ म्हणा, पट्टी जेमतेम हलेल. ‘थाळी’ म्हणा, पट्टी उडेल. आता `bā` म्हणजे आठ. पट्टी स्थिर राहायला हवी, आणि दुसरा हात गळ्यावर ठेवलात तर ओठ उघडेपर्यंत तिथे कंप लागता कामा नये. कंप आधीच लागला तर तुम्ही ‘बा’ म्हणालात. फ बाबत एक सावधगिरी आहे. हल्ली शहरांत बरेच जण ‘फळ’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवतात. तो उच्चार पिनयिनमधल्या `f` चा झाला. `p` साठी दोन्ही ओठ पूर्ण मिटले पाहिजेत, आजीच्या ‘फुलपात्रा’तल्या फ सारखे. `píngguǒ` म्हणजे सफरचंद. त्याचा पहिला वर्ण दात-ओठांचा झाला तर ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाही.

आपल्या वर्तमानपत्रांनीही या अक्षरांच्या फसवणुकीची किंमत मोजली आहे. जुन्या पिढीच्या लेखनात ‘माओ त्से-तुंग’ असं नाव भेटतं. तेव्हा रोमन लेखनाची वेड-जाइल्स ही पद्धत चालत असे. तिच्यात श्वासरहित वर्णांना `p`, `t`, `k` आणि श्वासाच्या झोताच्या वर्णांना तीच अक्षरं, वर एक छोटी खूण, अशी योजना होती. छापताना ती खूण वारंवार गळून जाई आणि मग दोन वेगळे वर्ण एकच दिसत. पिनयिनने ही खूणच काढून टाकली. चिनीला घोष वर्ण नकोच होते, म्हणून `b`, `d`, `g` ही अक्षरं मोकळीच पडून होती. ती श्वासरहित वर्णांना देऊन टाकली. योजना अगदी सुटसुटीत आहे. पण आता नाव `Máo Zédōng` असं लिहिलं जातं आणि आपण ते ‘झेडाँग’ असं वाचतो. मूळ उच्चाराच्या जवळ कोणतं आहे म्हणाल, तर ‘त्से-तुंग’. जुनं मराठी लेखन खऱ्या आवाजाच्या अधिक जवळ होतं आणि नव्या अक्षरांनी आपल्याला लांब नेलं.

पिनयिन 11 फेब्रुवारी 1958 रोजी चीनच्या राष्ट्रीय लोकसभेत मंजूर झालं. ते घडवणाऱ्या समितीत चौ योउग्वांग हे प्रमुख होते. मूळचे अर्थशास्त्राचे माणूस, जन्म 1906 चा. 2017 मध्ये, वयाच्या 111 व्या वर्षी ते वारले. पिनयिनमधल्या आरंभीच्या वर्णांचा तक्ता मराठी माणसाने एकदा शांतपणे बघावा: `b p m f`, `d t n l`, `g k h`. म्हणजे ओठांचे प, फ, म एका ओळीत. दातांचे त, थ, न दुसऱ्या ओळीत. गळ्याजवळचे क, ख तिसऱ्या ओळीत. ही ओळख अपघाती नाही. तोंडात वर्ण कुठे तयार होतो त्यानुसार वर्गवारी करण्याची रीत बौद्ध भिक्षूंबरोबर, संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासातून, चीनमध्ये पोचली आणि तिथल्या जुन्या ध्वनिविचाराला तिने आकार दिला. आजचा तक्ता त्याच परंपरेतला आहे.

`z` आणि `c` ही दोन अक्षरं सर्वांत जास्त घाबरवतात, आणि तिथेच मराठीकडे एक ठेवा आहे. आपल्याकडे दोन च आहेत: ‘चिमणी’तला आणि ‘चूल’मधला. लिहितो एकच, पण बोलताना कोणीही गोंधळत नाही. चूल, चोर, चव यांतला हा दंत्य च म्हणजेच पिनयिनचा `z`. झेब्र्यातला झ नव्हे. `zuò` म्हणजे बसणं, तो ‘चोर’मधल्या च ने सुरू होतो. `c` म्हणजे तोच च, श्वासाच्या झोतासकट. असा वर्ण मराठीत नाही, कारण आपला छ तालव्यच असतो. म्हणून ‘चूल’चा च धरून कागदाची पट्टी उडेपर्यंत जोर द्यायचा. `cài` म्हणजे भाजी किंवा जेवणातला पदार्थ, याच्यावर सराव करा.

‘चिमणी’तला तालव्य च म्हणजे `j`, त्याचा श्वासासकटचा जोडीदार छ म्हणजे `q`, आणि त्याच जागेचा श म्हणजे `x`. या तिन्हींत जिभेचं टोक खालच्या दातांमागे विसावलेलं असतं आणि ओठ किंचित हसरे. त्यामुळे `Běijīng` या नावात ना ब आहे ना ज. ते ‘पेइ-चिङ’ असं आहे, आणि शेवटी ग नाही. हा शेवटचा ङ आपण ‘गंगा’ म्हणताना ग च्या आधी क्षणभर उच्चारतो. तिथेच थांबायचं, ग पर्यंत जायचं नाही.

राहिले `zh`, `ch`, `sh`. यांत जीभ वर वळते, ट-वर्गासारखी, पण ‘ट’ म्हणताना वळते तितकी नाही. `sh` म्हणजे पुस्तकातला ष, जो आपण लिहितो पण बोलताना बहुधा श करून टाकतो. तो इथे खरोखर लागतो. `zh` साठी जीभ त्याच जागी टेकवून, श्वास न सोडता, ‘ट्ष’ हे एकजीव म्हणा. `ch` साठी श्वास सोडून. आपला ‘चहा’ ज्या चिनी शब्दापासून आला तो `chá`, आणि त्याचा आजचा पेइचिङकडचा उच्चार या जागेचा आहे.

या वर्णांनंतर लिहिलेला `i` मात्र ई नव्हे, आणि ही गोष्ट छापील अक्षरं कुठेच सांगत नाहीत. `zh ch sh r z c s` या सातांनंतर `i` दिसला की जीभ जिथे आहे तिथेच ठेवून आवाज नुसता लांबवायचा. `qī` म्हणजे सात, यात खरी ई आहे. `chī` म्हणजे खाणं, यात ई नाही. दोन्ही शब्द पहिल्या पातळीचे आहेत, आणि दोन्ही ‘छी’ म्हणणारा विद्यार्थी ‘सात’ आणि ‘खा’ एकच करून टाकतो.

या सगळ्याचा सराव करायला मी वर्गात एक नाव देते, जे आपल्याला परकं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटनीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्या पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी `huá` आहे. हे अक्षर चीनसाठी वापरलं जातं. कोटनिसांचं नाव `Kē Dìhuá`. रोमन अक्षरांवरून मराठीत आणलं तर ते ‘के दिहुआ’ होतं. आता आतापर्यंतचे नियम लावून बघू. `k` म्हणजे ख. `e` म्हणजे ए नव्हे. ‘ओ’ म्हणायला जीभ मागे न्यायची आणि ओठ मात्र गोल न करता सैल ठेवायचे, तेव्हा जो आवाज येतो तो `e`. म्हणजे साधारण ‘खऽ’. `d` म्हणजे त, म्हणून ‘ती’. `h` आपल्या ह पेक्षा खरखरीत, गळ्यात थोडा घासून येणारा, आणि `ua` हे एका दमात, म्हणून ‘ह्वा’. खऽ ती-ह्वा. आता सूर: पहिला उंच आणि सपाट, दुसरा झटक्यात खाली, तिसरा वर चढणारा. त्यांचं थडगं ज्या शहरात आहे त्याचं नाव `Shíjiāzhuāng`. या एका नावात `sh`, `j` आणि `zh` तिन्ही येतात. ज्याला हे नाव स्वच्छ म्हणता येतं त्याची वर्णांची तयारी झाली असं मी मानते.

आता टोन. चौ योउग्वांग यांच्या आधीच्या पिढीतले चाओ युआन-रेन हे भाषाशास्त्रज्ञ होते आणि संगीतकारही. 1930 मध्ये त्यांनी टोन मांडायची एक साधी रीत सुचवली. माणसाच्या नेहमीच्या बोलण्यातला सर्वांत खालचा सूर 1 आणि सर्वांत वरचा 5. मग पहिला टोन 55, म्हणजे वर सुरू होऊन वरच राहणारा. दुसरा 35, मधून वर जाणारा. तिसरा 214, खाली उतरून वळणारा. चौथा 51, वरून थेट तळाला. हे आकडे हार्मोनियमच्या पट्ट्या नव्हेत. गाणारा जशी आपली पट्टी धरतो, कोणी काळी चार तर कोणी पांढरी एक, तसे हे आकडे प्रत्येकाच्या स्वतःच्या आवाजात मोजायचे. मुलीचा 1 हा बाबांच्या 5 पेक्षाही उंच असू शकतो आणि तरी तो 1 च. हार्मोनियमवर हे टोन वाजणारही नाहीत, कारण तिथे एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. सारंगीवर मात्र वाजतील, कारण चढ-उतार सलग घसरत जातो. चौथा टोन म्हणजे फार झटपट घेतलेली उतरती मींड.

आपल्या बोलण्यात हे चारही आकार आहेत, फक्त शब्दाला चिकटलेले नाहीत. कोणी दुरून हाक मारली आणि नीट ऐकू आलं नाही की आपण ‘काय?’ म्हणतो, तो दुसरा. मूल रस्त्यावर धावत सुटलं की आई ‘थांब!’ म्हणते, तो चौथा. पहिला सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त बिघडतो, कारण मराठी वाक्य शेवटी उतरतं. `Tā shì yīshēng`, म्हणजे ‘तो डॉक्टर आहे’. यात शेवटची दोन्ही अक्षरं पहिल्या टोनची आहेत. विद्यार्थी `yī` छान उंच म्हणतो आणि `shēng` वर वाक्य संपतंय म्हणून आवाज सोडून देतो. तो `shèng` सारखा ऐकू येतो. ही चूक स्वतःला कळत नाही. मोबाइलवर वाक्य ध्वनिमुद्रित करा, फक्त शेवटची दोन अक्षरं पुन्हा पुन्हा ऐका आणि दोन्हींची उंची एकच आहे का ते बघा.

तिसऱ्या टोनबद्दल पुस्तकं फार मोठा गैरसमज करून देतात. खुणेचा आकार खोलगट असतो, आकृतीतही खोल दरी काढलेली असते, आणि विद्यार्थी प्रत्येक ठिकाणी खाली जाऊन वर येतो. एकट्या अक्षरात किंवा वाक्याच्या शेवटी हे ठीक आहे. पुढे दुसरं अक्षर असेल तर वरचा भाग गळतो. तिसरा टोन मग नुसता खाली राहतो, 21 एवढाच. बोलण्यात तो बहुतेक वेळा असाच भेटतो. म्हणून मी वर्गात त्याला ‘खालचा टोन’ म्हणते. त्याचं शेपूट शोधत बसणाऱ्या कानाला तो ओळखू येत नाही. आणि दोन तिसरे टोन लागोपाठ आले की पहिला बदलून दुसऱ्यासारखा होतो. `nǐ hǎo` लिहायचं आणि `ní hǎo` म्हणायचं. छापताना खूण बदलत नाहीत, वाचणाऱ्याने हे स्वतः करायचं असतं.

एक वाक्य शेवटपर्यंत सोडवून दाखवते. दुकानदार विचारतो: `Nǐ xiǎng mǎi shénme?` म्हणजे ‘तुम्हाला काय घ्यायचंय?’ खुणा बघितल्या तर तिसरा, तिसरा, तिसरा, दुसरा आणि शेवटी टोन नसलेलं हलकं अक्षर. नवखा विद्यार्थी पहिली तीन अक्षरं तीन वेळा खाली-वर झुलवतो आणि वाक्य संपायला उशीर होतो. आता उलट्या बाजूने येऊ. `mǎi` च्या पुढे दुसरा टोन आहे, म्हणून तो नुसता खाली. `xiǎng` च्या पुढे तिसरा टोन आहे, म्हणून तो चढणारा झाला. `nǐ` च्या पुढे आता चढणारा टोन आहे, म्हणून तो खालीच राहू शकतो. भराभर बोलणारे त्यालाही चढवतात, दोन्ही चालतं. चाल अशी झाली: खाली, चढ, खाली, चढ, आणि हलका शेवट. तोंडात दोन-चार वेळा शब्दांशिवाय गुणगुणून बघा, मग शब्द घाला.

दोन जागा सांभाळायच्या. पहिली जागा `mǎi`. तो उंचावरून खाली टाकलात तर `mài` होतो, आणि ‘तुम्हाला काय विकायचंय?’ असा अर्थ होतो. घेणं आणि विकणं यांच्यात चिनीमध्ये एवढंच अंतर आहे. दुसरी जागा म्हणजे शेवटचा `me`. मराठी सवयीने प्रश्न म्हणून तो वर उचलला जातो. चिनी माणूसही प्रश्नात आवाज उंचावतो, पण अख्ख्या वाक्याची पट्टी थोडी वर घेतो. आतल्या टोनचे आकार तो मोडत नाही. प्रश्नाचं काम `shénme` हा शब्द करतोच आहे.

`bù`, म्हणजे ‘नाही’, चौथ्या टोनपुढे चढतो आणि `bú shì` होतो. `yī` म्हणजे ‘एक’ हाही पुढच्या टोनप्रमाणे बदलतो. हे धडा सहामध्ये आहे, इथे त्यात शिरत नाही.

लिहिण्याबद्दल मात्र थोडं. पिनयिनमध्ये काही स्वर आखडून लिहितात. सहा म्हणजे `liù`, पण मधे एक ओ दडलेला आहे, उच्चार ‘ल्योउ’. पाणी म्हणजे `shuǐ`, आत ए आहे, ‘ष्वेइ’. ‘शुई’ म्हणाल तर चूक. टोनची खूण कोणत्या अक्षरावर द्यायची याचा नियम सोपा आहे: `a` असेल तर त्यावर, नाहीतर `o` किंवा `e` वर, आणि `iu` किंवा `ui` असेल तर दुसऱ्या अक्षरावर.

सर्वांत फसवा स्वर `ü`. शीळ घालायला ओठ जसे काढतो तसे काढा आणि ओठ न हलवता आतून ‘ई’ म्हणा. `j`, `q`, `x`, `y` यांच्यानंतर त्यावरचे दोन ठिपके लिहीत नाहीत, कारण त्यांच्यानंतर साधा उ येतच नाही. म्हणून `qù` म्हणजे जाणं, तो ‘छू’ नव्हे. `xué` म्हणजे शिकणं, तो ‘श्यूए’च्या जवळचा. `n` आणि `l` नंतर मात्र ठिपके ठेवावेच लागतात, कारण तिथे दोन्ही स्वर येतात. मुलगी म्हणजे `nǚ'ér`. कळफलकावर `ü` नसतो, त्यासाठी `v` दाबायचा. मोबाइलवर हा शब्द असा लिहायचा:

```
nver
```

या पुस्तकातले सराव शब्दांवर नाहीत, जोड्यांवर आहेत. चार टोन आणि त्यांच्यापुढे चार टोन किंवा हलकं अक्षर, अशा वीस जोड्या होतात. तिसरा-तिसरा ही जोडी ऐकायला दुसरा-तिसऱ्यासारखीच असते, म्हणून कानाला एकोणीसच. चिनी शब्द बहुधा दोन अक्षरांचे असल्याने शब्द पाठ करताना त्याची जोडी पाठ करायची. `lǎoshī`, शिक्षक, ही तिसरा-पहिला. `xuéxiào`, शाळा, ही दुसरा-चौथा. नवा शब्द आला की तो आधीच्या कोणत्या शब्दाच्या चालीवर आहे ते शोधायचं. `píngguǒ` कोणत्या चालीवर जातो ते विचारलं की मुलं आपण होऊन `ní hǎo` म्हणतात.

वह्या मिटून घ्यायचा खेळ शेवटच्या धड्यात पुन्हा आहे. तोपर्यंत प्रश्न ओळखायला वाक्याच्या शेवटाकडे बघायची सवय सुटलेली असते. मुलं `nǎr` चा खालचा आवाज लागला की हात वर करतात, आणि `nàr` म्हटलं की बोटाने खिडकीबाहेर दाखवतात.